निवेदनाखाली म्युझिक लावताना आवाज दबू नये म्हणून काय करायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची सगळी उत्तरं ऑडॅसिटी धरून दिली आहेत, कारण ते फुकट आहे आणि प्रश्न विचारणारे बहुतेक जण तेच वापरतात. मेनूतली नावं स्क्रीनवर दिसतात तशीच ठेवली आहेत म्हणजे शोधायला सोपं जाईल. तुमचं व्हर्जन जुनं असेल तर इफेक्ट्सची मांडणी थोडी वेगळी दिसेल, नावं मात्र बहुतेक तीच.

१. म्युझिक किती डीबीवर ठेवायचं? एकच आकडा सांगा ना.

असा एक आकडा नसतोच, कारण तुमचा आवाज किती मोठा रेकॉर्ड झालाय ते मला माहीत नाही आणि तुम्ही डाउनलोड केलेलं म्युझिक मूळचं किती मोठं आहे तेही नाही. कोणीतरी "-२० वर ठेवा" सांगतं, आपण स्लायडर -२० वर नेतो, आणि म्युझिक मुळातच हळू असेल तर ते गायबच होतं, मोठं असेल तर अजूनही बोकांडी बसलेलं असतं. महत्त्वाचा असतो तो फरक, म्हणजे बोलणं चालू असताना आवाज म्युझिकपेक्षा किती डीबीने वर आहे. साधारण १५ ते २० डीबीचा फरक असेल तर शब्द आरामात कळतात, १० च्या खाली गेलात की ऐकणाऱ्याला कान टवकारावे लागतात. हा फरक नुसता कानाने ठरवू नका, निदान पहिल्यांदा तरी. कारण स्क्रिप्ट तुम्हीच लिहिलेली असते, तुम्हाला प्रत्येक शब्द पाठ असतो, त्यामुळे अर्धा शब्द म्युझिकखाली गेला तरी तुमचं डोकं तो भरून काढतं. ऐकणाऱ्याकडे ती सोय नसते. मोजायचं कसं ते प्रश्न ३ मध्ये आहे.

२. आधी आवाज नीट करायचा की म्युझिक लावून मग दोन्ही एकत्र बघायचं?

आधी आवाज, आणि तोपर्यंत म्युझिकचा ट्रॅक म्यूट. म्युझिक दबत नाही अशी तक्रार घेऊन येणाऱ्या निम्म्या लोकांचा खरा प्रॉब्लेम आवाजातच असतो, तो एका वाक्यात मोठा आणि पुढच्या वाक्यात बारीक असतो.

मराठीत बोलताना हे जास्त जाणवतं, कारण आपलं क्रियापद शेवटी येतं आणि वाक्याच्या शेवटी श्वास संपत आल्याने आवाज खाली जातो. "ही फाईल पुन्हा वापरता येत नाही" या वाक्यातलं "नाही" जर म्युझिकखाली बुडालं तर ऐकणाऱ्याला नेमकं उलटं कळतं! म्हणून सरासरी आवाज ठीक आहे एवढं बघून चालत नाही, वाक्यांची शेपटं वर यायला हवीत.

त्यासाठी क्रम असा ठेवा: पहिल्यांदा `High-Pass Filter` ८० हर्ट्झवर, म्हणजे टेबलाची थरथर, पंख्याची खालची घरघर निघून जाते. मग लागलंच तर `Noise Reduction`, पण हलक्या हाताने, नाहीतर आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. त्यानंतर `Compressor`, रेशो ३:१ च्या आसपास. थ्रेशोल्ड असा लावा की मोठे शब्द दाबले जातील आणि बारीक शब्दांना हात लागणार नाही. सगळ्यात शेवटी `Loudness Normalization` -१८ LUFS वर, LUFS म्हणजे आवाज कानाला किती मोठा वाटतो त्याचं माप. आवाज मोनो असेल तर त्यातली `Treat mono as dual-mono` ही टिक चालू राहू द्या.

एवढं करूनही एखाद्या वाक्याचं शेपूट खालीच राहिलं तर तेवढाच तुकडा सिलेक्ट करून `Amplify` ने ३-४ डीबी वर घ्या. कंटाळवाणं काम आहे पण फरक सगळ्यात जास्त यानेच पडतो.

३. आवाज आणि म्युझिकमधला फरक मोजायचा कसा?

ऑडॅसिटीत यासाठीच एक टूल बसवलेलं आहे आणि गंमत म्हणजे फार कोणी ते उघडतच नाही. `Analyze` मेनूत `Contrast` नावाचं. आवाजाच्या ट्रॅकवर सलग बोलणं असलेला दहाएक सेकंदांचा तुकडा सिलेक्ट करा, `Foreground` समोरचं `Measure selection` दाबा. मग म्युझिकच्या ट्रॅकवर त्याच वेळेचा तुकडा सिलेक्ट करून `Background` समोरचं बटण दाबा. खाली दोन्हींचा फरक डीबीत येतो.

दोन गोष्टी सांभाळा. एका वेळी एकच ट्रॅक सिलेक्ट असला पाहिजे. आणि आवाजाच्या तुकड्यात लांब थांबे नकोत, कारण शांतता धरून सरासरी काढली की आवाज आहे त्यापेक्षा हळू दिसतो.

अजून एक, म्युझिक खाली आणायला ट्रॅकच्या डावीकडचा गेन स्लायडर वापरू नका, `Amplify` मध्ये उणे आकडा टाकून खाली आणा. म्हणजे बदल वेव्हफॉर्ममध्येच उतरतो आणि मोजलेलं आणि ऐकलेलं सारखं राहतं.

४. Contrast मध्ये २० डीबीला Pass दाखवतं, पण एवढ्या फरकाला माझं म्युझिक जवळजवळ ऐकूच येत नाही. २० पाळायलाच हवं का?

तो २० चा आकडा वेब ॲक्सेसिबिलिटीच्या नियमांतून, म्हणजे WCAG मधून आलाय. त्यातला १.४.७ क्रमांकाचा निकष म्हणतो की बोलण्यामागचा आवाज बोलण्यापेक्षा किमान २० डीबीने खाली हवा. क्वचित येणारे एक-दोन सेकंदांचे आवाज यातून वगळलेत. हा AAA पातळीचा म्हणजे सगळ्यात कडक निकष आहे, आणि तो मुख्यतः कमी ऐकू येणाऱ्यांना डोळ्यासमोर ठेवून आहे, ज्यांना मागच्या आवाजातून शब्द वेगळे काढणं फार अवघड जातं.

त्यामुळे काय बनवताय त्यावर ठरवा. शिकवण्याचा व्हिडिओ, सूचना, आरोग्याची माहिती, ज्यात एकही शब्द हुकून चालणार नाही, तिथे २० पाळाच. गोष्ट सांगताय, मूड महत्त्वाचा आहे, तर १५-१६ वर यायला माझी हरकत नाही. १२ च्या खाली मात्र मी स्वतः जात नाही, मग म्युझिक कितीही गोड असो.

५. ऑटो डक नेमकं कसं वापरायचं? आकड्यांसकट सांगा.

ऑटो डक म्हणजे बोलणं सुरू झालं की म्युझिक आपोआप खाली आणि थांबलं की परत वर. एक उदाहरण पूर्ण करून बघू.

समजा चार मिनिटांचं निवेदन आहे. प्रश्न २ प्रमाणे आवाज साफ करून झाला, Contrast मध्ये मोजला तर -२० डीबी निघाला. म्युझिक डाउनलोड केलं तसं मोजलं तर -१५, म्हणजे म्युझिकच आवाजापेक्षा ५ डीबी वर. बाजारात मिळणारं बहुतेक म्युझिक असंच ठासून मोठं केलेलं असतं.

पहिली पायरी, म्युझिकला `Amplify` मध्ये -११ द्या. म्युझिक आलं -२६ वर. सुरुवातीला आणि मधल्या मोकळ्या जागांत, जिथे कोणी बोलत नाहीये, तिथे ते या लेव्हलला वाजेल. हे कानाला लावून बघा, सुरुवातीच्या म्युझिकनंतर आवाज आला की दचकायला नको आणि आवाज पिचकाही वाटायला नको.

दुसरी पायरी, म्युझिकचा ट्रॅक वर, आवाजाचा त्याच्या लगेच खाली. फक्त म्युझिकचा ट्रॅक सिलेक्ट करा, आवाजाचा नाही. मग `Effect > Volume and Compression > Auto Duck`. `Duck amount` -१४ टाका, म्हणजे बोलण्याखाली म्युझिक -४० वर जाईल आणि फरक बरोबर २० होईल. १६ चा फरक हवा असेल तर इथे -१० टाका, बाकी काही बदलायचं नाही.

`Outer fade down length` ०.७ सेकंद ठेवा. ही उतरण शब्द सुरू व्हायच्या आधीच चालू होते त्यामुळे पहिला शब्द खाल्ला जात नाही. `Outer fade up length` १.५ सेकंद, कारण वर येताना घाई दिसली की लगेच खटकतं. `Inner` वाले दोन्ही शून्यच राहू द्या. `Maximum pause` २.५ सेकंद, `Threshold` -३८. या शेवटच्या दोघांचं काय काम ते प्रश्न ७ आणि ८ मध्ये.

लावून झालं की चार मिनिटांतल्या तीन वेगळ्या ठिकाणी Contrast ने परत मोजा. एखाद्या ठिकाणी फरक १३-१४ निघाला तर बहुतेक वेळा तिथे म्युझिकमध्ये नवीन वाद्य घुसलेलं असतं. तेवढ्याच जागी म्युझिक अजून खाली घ्या.

६. ऑटो डक लावलं की control track हवा असा मेसेज येतो आणि काहीच होत नाही.

तीनपैकी एक झालंय. आवाजाचा ट्रॅक म्युझिकच्या वर आहे, तो खाली ओढून आणा. किंवा तुम्ही सगळं सिलेक्ट करून ठेवलंय, त्यामुळे आवाजही सिलेक्ट झालाय आणि ऑटो डकला ऐकायला वेगळा ट्रॅकच उरला नाही. किंवा म्युझिकखाली ऑडिओ ट्रॅकच नाहीये, फक्त लेबलचा आहे.

मेसेज न येता चुकीचं काम होणं जास्त वाईट. म्युझिकची कॉपी करून ठेवायची सवय चांगलीच आहे, पण ती कॉपी म्युझिक आणि आवाजाच्या मध्ये बसली तर ऑटो डक त्या कॉपीलाच आवाज समजतं आणि म्युझिक पहिल्यापासून शेवटपर्यंत खालीच राहतं. कॉपी सगळ्यात तळाला न्या आणि म्यूट करा.

७. म्युझिक सारखं वरखाली होतंय, डोकं दुखतं ऐकून.

`Maximum pause` लहान आहे. बोलण्यातला थांबा या आकड्यापेक्षा मोठा असेल तरच म्युझिक वर येतं. डिफॉल्ट १ सेकंद असतो, आणि निवेदनात दोन वाक्यांमध्ये एक-सव्वा सेकंदाचा श्वास सहज जातो, त्यामुळे प्रत्येक पूर्णविरामाला म्युझिक उसळी मारतं आणि पुढच्या शब्दाला परत पडतं. तुमच्या निवेदनात परिच्छेदांमधला थांबा किती आहे तो टाइमलाइनवर बघा आणि `Maximum pause` त्याच्यापेक्षा थोडा जास्त ठेवा. बहुतेकांना २ ते ३ सेकंद पुरतात. मग म्युझिक फक्त तुम्ही मुद्दाम सोडलेल्या मोठ्या जागीच वर येईल.

आकडा अगदीच कमी टाकलात तरी ऑडॅसिटी तो दोन्ही `Outer` फेडच्या बेरजेच्या खाली धरत नाही, म्हणून ०.५ टाकून "काहीच फरक पडला नाही" असं वाटू शकतं.

८. काही वाक्यांना म्युझिक खाली येतच नाही. आणि मित्राच्या फाईलमध्ये उलटं, कोणी बोलत नसतानाही ते खालीच राहतं.

दोन्हींचं मूळ `Threshold`. आवाज या पातळीच्या वर गेला की ऑटो डक त्याला बोलणं समजतं. तुमची हळू वाक्यं -३० च्या खाली असणार, म्हणून डिफॉल्टला ती सापडत नाहीत, -३८ किंवा -४० करून बघा. मित्राच्या रेकॉर्डिंगमध्ये खोलीचाच आवाज इतका मोठा आहे की तोच थ्रेशोल्ड ओलांडतोय.

अंदाज लावत बसू नका. आवाजाच्या ट्रॅकमधला कोणी बोलत नसलेला दोन सेकंदांचा तुकडा Contrast मध्ये मोजा, मग सगळ्यात हळू वाक्य मोजा, आणि थ्रेशोल्ड या दोघांच्या मधोमध ठेवा. खोली -६० आणि हळू वाक्य -३२ निघालं तर -४५ च्या आसपास बिनधास्त. खोली -४० आणि वाक्य -३४ निघालं तर मध्ये जागाच नाही, मग आधी आवाज साफ करा किंवा सरळ प्रश्न १० मधला हाताने करायचा मार्ग धरा.

९. फरक १८ डीबी आहे, मोजून बघितला, तरी शब्द स्पष्ट येत नाहीत. असं का?

कारण Contrast सरासरी ताकद मोजतं, ती कुठल्या पट्टीत आहे ते बघत नाही. दोन म्युझिकचा आकडा अगदी सारखा येईल, त्यातलं एक नुसती खालची घुमघुम आणि दुसऱ्यात व्हायोलिन किंवा बासरी, तर दुसरं जास्त आड येणार. आपल्या स, श, त, ट, क या व्यंजनांची ओळख पटते ती साधारण १ ते ४ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात आणि त्याच्या वर, आणि वरच्या पट्टीत वाजणारी वाद्यं नेमकी तिथेच येऊन बसतात.

उपाय: म्युझिकच्या ट्रॅकवर `Filter Curve EQ` उघडा आणि १ ते ४ किलोहर्ट्झच्या दरम्यान रुंद, उथळ खड्डा करा, मधोमध ४-५ डीबी खोल. अरुंद आणि खोल करू नका, म्युझिक डब्यातून वाजल्यासारखं होतं. आवाजावर उलटा उंचवटा द्यायचा मोह होतो, पण २ डीबीच्या वर गेलात तर 'स' टोचायला लागतो.

याने भागत नसेल तर म्युझिकच बदला, खरंच. गाण्याचे शब्द असलेलं म्युझिक तर निवेदनाखाली नकोच, कारण दोन माणसं एकदम बोलत असल्यासारखं होतं आणि लक्ष आपोआप शब्दांकडे जातं, लेव्हल कितीही कमी करा. ठळक चाल असलेलं म्युझिकही तसंच, ऐकणारा मनात चाल गुणगुणत बसतो. लांब ताणलेले सूर, कमी ताल, चाल जवळजवळ नाहीच, असलं म्युझिक ऐकायला कंटाळवाणं असतं पण बोलण्याखाली तेच चालतं.

१०. ऑटो डक सोडून हाताने केलं तर चालेल का?

चालेल, आणि छोट्या फाईलला बरेचदा तेच बरं. `Envelope Tool` घ्या, म्युझिकच्या ट्रॅकवर क्लिक केलं की बिंदू तयार होतो, तो खाली ओढला की तिथला आवाज उतरतो. प्रत्येक उतरणीला दोन बिंदू, चढणीला दोन. फायदा हा की एखाद्या वाक्यानंतर म्युझिक कधी वर यावं हे अर्थावरून ठरतं, सेकंदांवरून नाही, आणि ते ऑटो डकला कधीच कळणार नाही. शिवाय बिंदू नंतर हलवता येतात. ऑटो डक वेव्हफॉर्ममध्येच बदल करून टाकतं, त्यामुळे लावल्यानंतर तुम्ही निवेदनातलं एखादं वाक्य कापलंत तर म्युझिकमधले खड्डे जुन्या जागीच राहतात आणि तिथून पुढे सगळंच सरकतं. म्हणून ऑटो डक निवेदनाची कापाकापी पूर्ण झाल्यावरच, आणि मूळ म्युझिकची कॉपी ठेवून. ती कुठे ठेवायची ते प्रश्न ६ मध्ये.

अर्ध्या तासाचं निवेदन असेल तर मी ऑटो डक लावतो आणि खटकणाऱ्या चार-पाच जागा एन्व्हलपने दुरुस्त करतो.

११. हेडफोनवर मस्त वाटतं, फोनच्या स्पीकरवर मात्र म्युझिक आवाजावर चढतं.

फोनचा स्पीकर खालचे सूर वाजवूच शकत नाही, त्यामुळे तुमच्या आवाजातला भारदस्तपणा जातो आणि दोन्हींमधला फक्त मधला पट्टा उरतो, जिथे भांडण चाललेलं असतं. प्रश्न ९ मधला खड्डा इथे सगळ्यात जास्त कामाला येतो. तपासताना फोन अगदी हळू करा, इतका की जेमतेम ऐकू येतंय. त्या पातळीला शब्द कळले आणि म्युझिक फक्त आहे असं वाटलं तर मिक्स बरोबर. म्युझिकची चाल कळतेय पण शब्द निसटतायत, तर अजून ३ डीबी खाली. आणि शक्य असेल तर स्क्रिप्ट न वाचलेल्या माणसाला ऐकवा, कारण प्रश्न १ मध्ये आहेच.

१२. दोन जण आलटून पालटून बोलतात, दोघांचे वेगळे ट्रॅक आहेत. ऑटो डक एकाच्याच आवाजाला ऐकतं.

हो, ते लगेच खालचा एकच ट्रॅक ऐकतं. दोन्ही आवाजांचे ट्रॅक सिलेक्ट करून `Tracks > Mix > Mix and Render to New Track` करा, तयार झालेला ट्रॅक म्युझिकच्या लगेच खाली आणा, प्रश्न ५ प्रमाणे ऑटो डक लावा आणि मग तो जोडलेला ट्रॅक डिलीट करा. डिलीट करायला विसरलात तर एक्स्पोर्टमध्ये दोघांचे आवाज डबल होऊन ६ डीबीने चढतात आणि फाटतात.

दोन वेळा ऑटो डक लावणं, म्हणजे आधी एकाचा ट्रॅक खाली ठेवून मग दुसऱ्याचा, हा सोपा वाटणारा मार्ग टाळा. जिथे दोघं एकमेकांवर बोलतात तिथे म्युझिक दोनदा उतरतं.

१३. एक्स्पोर्ट केल्यावर आवाज फाटतो, किंवा बाकीच्यांच्या मानाने फाईल हळू वाटते.

आवाज आणि म्युझिक एकत्र आले की शिखरांची बेरीज होते, वेगवेगळे ठीक असले तरी एकत्र ० डीबी ओलांडू शकतात. सगळं `Mix and Render to New Track` करा, मूळ ट्रॅक म्यूट करा, नव्या ट्रॅकवर `Loudness Normalization` लावा आणि मग `Limiter` -१ डीबीवर. ॲपल पॉडकास्ट्स -१६ LUFS च्या आसपास आणि शिखर -१ च्या खाली मागतं, तो आकडा बाकी ठिकाणीही चालून जातो. याने पूर्ण मिक्स एकसाथ वरखाली होतो, आवाज आणि म्युझिकमधला फरक तसाच राहतो. त्यामुळे म्युझिक जास्त वाटत असेल तर ते इथे दुरुस्त होणार नाही, प्रश्न ५ कडे परत जावं लागेल. लिमिटर खूप जोरात लावला मात्र तर मोठे शब्द दाबले जाऊन फरक थोडा कमी होतो. मोठ्या शब्दांना ३-४ डीबीपेक्षा जास्त दाबायची वेळ आली तर आवाजाच्या ट्रॅकवरच कंप्रेशन कमी पडलंय.

१४. माझ्याकडे फक्त शेवटची एमपीथ्री उरली आहे, प्रोजेक्ट डिलीट झाला. म्युझिक कमी करता येईल का?

वरच्या कुठल्याही पद्धतीने नाही. एकदा दोन्ही एका वेव्हफॉर्ममध्ये गेले की ऑटो डकला खाली करायला वेगळं म्युझिकच राहत नाही, आणि ईक्यूने म्युझिक कापाल तर त्या पट्टीतला आवाजही जातो. त्यातल्या त्यात १ ते ४ किलोहर्ट्झ २-३ डीबी वर आणि १५० हर्ट्झच्या खाली थोडं कमी केलं तर शब्द किंचित पुढे येतात. पुढच्या वेळी `.aup3` फाईल ठेवा. आणि आवाजाचा साफ केलेला ट्रॅक वेगळा वेव्ह म्हणून काढून ठेवा, म्हणजे प्रोजेक्ट उघडला नाही तरी म्युझिक नव्याने लावता येतं.